तयार पोस्ट आणि आठवण

मोठ्या कंपन्यांमध्ये एक पद्धत आहे. ऑफिसमधून फोटो आणि मजकूर तयार करून येतो, आणि ठरलेल्या वेळी आठवण येते, "आता आपल्या फोनवरून टाका." कंपनीच्या जाहिरातीपेक्षा ओळखीच्या माणसाचं लोक जास्त ऐकतात, म्हणून हे करतात. आपल्या सोलापूर भागातले कडक भाकरी आणि शेंगा चटणी करणारे गटही आता हेच करू लागलेत. आमच्या गटात ते आधी कसं फसलं, ते आज सांगते.

भोगीला तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीला मागणी असते. त्याच दिवसांत सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे गड्डा. पाहुणे घरोघरी येतात. मी एक पोस्ट तयार केली, रात्री नऊ वाजता ग्रुपवर पाठवली आणि लिहिलं, "सगळ्यांनी लगेच स्टेटसला ठेवा." दहाही जणींनी ठेवली. गावातल्या बायकांना एकच फोटो दहा वेळा दिसला. तिसऱ्या फोटोनंतर कोणी बघेना.

चूक कुठे झाली? आपलं स्टेटस त्यांनाच दिसतं, ज्यांच्याकडे आपला नंबर सेव्ह आहे आणि आपल्याकडे त्यांचा. एका गावातल्या दहा जणींच्या फोनमध्ये तेच ते गावातले नंबर असतात. दहा जणींचे शंभर शंभर नंबर म्हणजे हजार गिऱ्हाइकं, असा हिशेब चालत नाही. खरं नवं गिऱ्हाईक कुठे असतं? एकीची नणंद पुण्यात, दुसरीचं माहेर लातूरला, तिथे. म्हणून आता आम्ही दोन-दोन जणींच्या पाळ्या लावतो. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप जातं, त्यामुळे रोज दोघी, असे पाच दिवस ते चालू राहतं.

दुसरी चूक जास्त महागात पडली. पोस्टवर भाव होता, पण ऑर्डरची शेवटची तारीख नव्हती. एका ताईंनी ती दोन दिवस उशिरा टाकली. त्यांच्या नणंदेने पुण्याहून पन्नास भाकरींचे पैसे पाठवले. इकडे पीठ संपलं होतं, ऑर्डर बंद झाली होती. पैसे परत केले, पण नणंदेपुढे तोंड त्या ताईंचं पडलं, माझं नाही. पोस्ट गटाची असली तरी नाव जिच्या फोनवरून गेली तिचं असतं. आता फोटोवरच लिहितो: भाव, किती भाकरी, ऑर्डर कधीपर्यंत, आणि फोन कोणाला करायचा. तारीख उलटली की मी ग्रुपवर दुसरा निरोप टाकते, "ही पोस्ट आता काढा."

आठवणीची वेळही बदलली. रात्री नऊला कोणी भांडी घासत असतं, कोणाचा फोन मुलाच्या हातात असतो. दुपारी जेवण झाल्यावर, अडीचच्या सुमारास आमच्या बायकांना थोडी सवड मिळते. पोस्ट आदल्या दिवशीच देते आणि त्या वेळी फक्त आठवण करते, तीही एकदाच. फोटो वेगळा पाठवते आणि मजकूर वेगळा, म्हणजे मजकूर कॉपी करून त्यात स्वतःची एक ओळ घालता येते. एकीने लिहिलं होतं, "ह्या भाकरी मी स्वतः थापल्यात, वहिनी." त्या ओळीवर चौकशी आली, माझ्या सजवलेल्या मजकुरावर नाही. "आमच्या गटाचा माल" हे मात्र प्रत्येकीने लिहायचंच. आपला त्यात पैसा आहे हे गिऱ्हाइकापासून लपवायचं नाही. 2022 पासून सरकारचे जाहिरातीचे नियमही तेच सांगतात. आणि "भाकरीने साखर उतरते" असलं काही तयार मजकुरात घालायचं नाही.

शेवटची गोष्ट मला उशिरा कळली. गटाच्या सभासदाला नफ्यात वाटा आहे. पण आपल्याकडे मजुरीवर भाकरी थापायला येणारी बाई असते, तिला नाही. तिला मी आठवण पाठवली, तर ती "नको" म्हणेल का? उद्याचं काम जाईल या भीतीने ती पोस्ट ठेवते. एक जण तर घरी नवऱ्याच्या फोनवरून ठेवत होती आणि त्यावरून बोलणी खात होती. मला महिनाभर पत्ता नव्हता.

तेव्हापासून दोन नियम केले. मजुरीवरच्या बायकांना पोस्टच्या ग्रुपात घ्यायचं नाही. त्यांनी आपणहून मागितली तरच द्यायची, आणि त्यातून ऑर्डर आली तर सभासदाइतकाच हिस्सा द्यायचा. सभासदांमध्येही कोणी ठेवली, कोणी नाही, याची यादी ग्रुपवर लावायची नाही. मी आधी लावत होते. ती बंद केल्यावर पोस्टी थोड्या कमी झाल्या, पण ज्या ठेवतात त्या मनापासून ठेवतात, आणि पाहुण्यांनी विचारलं तर उत्तरही देतात.

तुमच्या गटात कोणी आठवण पाठवत असेल, तर येत्या बैठकीत एवढंच विचारा: ही पोस्ट नाही ठेवली तर चालेल का? उत्तर द्यायला कोणी अडखळलं, तर तिथे थांबा आणि आधी तेच बोला.