रसाच्या ग्लासात साखर किती?

ऊन तापायला लागलं, रसवंतीच्या चरकाचे घुंगरू वाजायला लागले. बाजाराला गेलं की रस प्यायल्याशिवाय पाय निघत नाही. पण घरात कुणाला साखरेचा आजार असेल, तर एका ग्लासातून पोटात साखर गेली किती, हे माहीत हवं. दवाखान्यात सांगतात, काय खाल्लं-प्यालं त्याचा फोटो काढून आणा. त्या फोटोवरून काय कळतं, ते आज बघू.

फोटोत साखर दिसत नाही, ग्लास दिसतो. पण उसाच्या रसात रसवंतीवाला सहसा वरून साखर घालत नाही. जी असते ती उसाचीच. त्यामुळे रस किती आहे हे कळलं की साखरेचा अंदाज बांधता येतो. 100 मिलीलीटर रसात साधारण 13 ते 17 ग्रॅम साखर असते. आपण 15 धरू. ऊस कोवळा असला तर कमी, पिकलेला असला तर जास्त. बुडख्याचं कांडं गोड आणि शेंड्याचं पानचट, हे तुम्हाला मी काय सांगणार!

फोटो काढताना ग्लासाला टेकवून दहा रुपयांचं नाणं उभं करा. ते 27 मिलीमीटर रुंद असतं, म्हणजे तीच आपली मोजपट्टी. नाणं ग्लासाच्या पुढे ठेवलं तर ते मोठं दिसतं आणि ग्लास उगाच लहान ठरतो. मोबाइल ग्लासाच्या उंचीला आणून समोरून फोटो घ्या. उभं राहून वरून काढला तर ग्लास बुटका दिसतो, रस कुठवर आहे तेही कळत नाही.

आता एक फोटो मोजून बघू. ग्लासाची उंची चार नाणी, तोंड अडीच नाणी. म्हणजे उंची जवळपास अकरा सेंटीमीटर, तोंड सातच्या आत. घरात तेवढाच एक काचेचा ग्लास शोधला आणि अर्धा लिटरच्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं. दोन ग्लास काठोकाठ भरले आणि बाटलीत दोन घोट उरलं. म्हणजे ग्लास साधारण 240 मिलीलीटरचा. रसवंतीच्या काही ग्लासांचं बूड जाड असतं. ते बाहेरून मोठे दिसतात, पण रस कमी मावतो. म्हणून शोधताना बूडही तसंच बघा.

फोटोत फेस सोडला तर रस काठाच्या बोटभर खाली आहे. तेव्हा 200 धरू. त्यात बर्फाचे दोन खडे तरंगताहेत, त्यांचे 40 वजा केले. उरला 160 मिलीलीटर रस. शंभराला 15 ग्रॅम, तर 160 ला 24 ग्रॅम. चहाचा सपाट चमचा साधारण चार ग्रॅमचा, म्हणजे सहा चमचे झाले. दोन चमचे साखरेचा चहा तीन कप प्यावा, तेवढं. ऊस कसा होता त्यावर हा आकडा 21 ते 27 पर्यंत हलेल.

बर्फ मात्र फसवतो. तरंगणारा बर्फ वितळला तरी ग्लासातली पातळी खाली येत नाही. फोटो उशिरा काढला तर त्यात 200 मिलीलीटर रसच दिसेल आणि हिशेब 30 ग्रॅमवर जाईल. ग्लासाला बाहेरून घाम आला असेल, तर आत बर्फ होता असं समजा आणि पिणारीला विचारा. आणि बर्फ वितळून रस पातळ लागला, तरी पूर्ण ग्लास प्यायल्यावर साखर पोटात जाते ती तेवढीच.

लस्सीचं गणित वेगळं. दोन चमचे साखर घातलेली आणि पाच चमचे घातलेली लस्सी फोटोत सारखीच पांढरी. तिथे फोटोवरून फक्त ग्लास केवढा ते कळेल, साखर विचारावीच लागते. घरी पातेलंभर केली असेल तर सोपं आहे: 100 ग्रॅम साखर घातली, चार ग्लास झाले, तर ग्लासाला 25. दह्याची स्वतःची साखर त्यात धरलेली नाही; 100 ग्रॅम दह्यात ती चार-पाच ग्रॅम असते. मिल्कशेकमध्ये तर फळ, साखर, सिरप, कधी आइस्क्रीमही. त्याच्या फोटोवरून आकडा सांगायला मी धजणार नाही.

घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, तर अशा अंदाजावरून त्याचं माप आपल्या मनाने कमी-जास्त करू नका. फोटो डॉक्टरांना दाखवा आणि ग्लास केवढा होता, बर्फ होता का, साखर किती चमचे घातली, हे त्याच्याखाली लिहून न्या.