खरेदीखत झाले, फेरफार राहिला



दस्तलेखक, वकील आणि महसूल कर्मचारी म्हणून आपल्या कामात रोज कानावर पडणारे वाक्य म्हणजे, "खरेदी झाली, आता काही राहिलं नाही ना?" दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून बाहेर पडलेला माणूस हे विचारतो, तेव्हा त्याच्या हातात नोंदणी झालेले खरेदीखत असते आणि सोबत इंडेक्स टू. मुद्रांक शुल्क भरलेले असते, अंगठे झालेले असतात, फोटो निघालेले असतात. आता जमीन आपली झाली असे त्याला वाटते आणि विक्रेत्यापुरते ते खरेही असते. पण गावच्या दप्तरात अजून विक्रेत्याचेच नाव असते. ते कधी बदलते, कोण बदलते आणि बदलले नाही तर काय होते, याविषयी आज बोलायचे आहे. विषय महाराष्ट्रातल्या शेतजमिनीपुरता ठेवला आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होते.

नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने होते आणि मालकी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने जाते. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच करावी लागते. दस्त सहीच्या तारखेपासून चार महिन्यांत नोंदणीला दाखल करायचा असतो, आणि एकदा नोंदला की त्याचा परिणाम सहीच्या दिवसापासून धरला जातो. इतका बळकट कागद हाती असताना लोक निर्धास्त होतात, यात नवल नाही.

मात्र दुय्यम निबंधक काय तपासतो, हे खरेदीदाराला क्वचितच कोणी सांगते. सही करणारा तोच माणूस आहे का, त्याने सही कबूल केली का, शुल्क भरले का, हे तो पाहतो. नियमांप्रमाणे काही कागदही मागतो. विकणारा खरोखर मालक आहे की नाही याचा निवाडा करणे मात्र त्याचे काम नाही. तामिळनाडूत विक्रेत्याचा हक्क सिद्ध होत नाही म्हणून नोंदणी नाकारण्याची मुभा देणारा एक नियम होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तो रद्द केला. नोंदणी अधिकाऱ्याचा मालकीशी संबंध नाही आणि दस्ताने विक्रेत्याकडे जेवढा हक्क होता तेवढाच पुढे जातो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. नोंदलेला दस्त म्हणजे शासनाने दिलेली मालकीची हमी, हा समज त्यामुळे टिकत नाही.

फेरफाराचा रस्ता वेगळा आहे. तो १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतून जातो. हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याला द्यावी, असे संहिता सांगते, पण नोंदणीकृत दस्ताने घेणाऱ्याला या वर्दीतून सूट आहे. ती माहिती नोंदणी कार्यालयाने महसूल खात्याकडे पाठवायची असते. पूर्वी कागद जाई, आता ई-फेरफार प्रणालीतून थेट जाते. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, गाव नमुना ६ मध्ये नोंद धरतात. हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी कागद पाहून नोंद प्रमाणित करतो. तोपर्यंत सातबारा बदलत नाही. हाताने लिहिण्याच्या काळात हे डोळ्यांना दिसायचे. प्रलंबित फेरफाराचा क्रमांक पेन्सिलीने लिहिलेला असे, आणि प्रमाणित झाल्यावर शाई फिरे व जुन्या मालकाच्या नावाला कंस पडे. जाणता माणूस सातबारा उचलला की आधी पेन्सिल शोधायचा.

वर्दीतून दिलेली ही सूट चांगल्या हेतूची आहे. तरी खरेदीदाराची फसगत बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. आपण काहीच करायचे नाही असे तो समजतो, आणि निरोप मध्येच अडकला तर त्याला पत्ताही लागत नाही.

एक प्रकरण नीट पाहू. नावे नाहीत, आकडे मांडणीपुरते आहेत, पण अशी प्रकरणे आपल्यापैकी अनेकांच्या टेबलावर असतील. एका गटाचे क्षेत्र १ हेक्टर २० आर. मालकाने त्यातले ४० आर, म्हणजे साधारण एक एकर, २०१६ मध्ये विकले. दस्तात गटाचा पोटहिस्सा चुकला. सातबाऱ्यावर दोन होता, दस्तात एक पडला. दस्त नोंदला गेला, कारण निबंधकापुढे सही आणि शुल्क बरोबर होते. गावात मात्र विक्रेत्याचे नाव त्या पोटहिश्श्यावर जुळेना आणि नोंद धरली गेली नाही. खरेदीदार शहरात नोकरीला होता. त्याने इंडेक्स टू कपाटात ठेवला आणि जमीन ओळखीच्याला वाट्याने दिली.

२०१९ मध्ये विक्रेता वारला. पत्नी आणि दोन मुलांची वारस नोंद झाली, तीही पूर्ण १ हेक्टर २० आरवर, कारण दप्तरात विक्रीचा मागमूस नव्हता. थोरल्याने विकास सोसायटीचे कर्ज काढले आणि इतर हक्कात बोजा चढला. २०२२ मध्ये वारसांनी सगळा गट दुसऱ्याला विकला. त्याच्या दस्तात पोटहिस्सा बरोबर होता. हरकत घ्यायला पहिल्या खरेदीदाराला नोटीस जाणार कशी? दप्तरात तो नव्हताच. नोंद प्रमाणित झाली. पुढच्या वर्षी पहिला खरेदीदार विहिरीच्या वीज जोडणीसाठी सातबारा काढायला गेला, तेव्हा त्यावर एका अनोळखी माणसाचे नाव होते.

कायद्याने कोणाचे पारडे जड? पहिल्याचे. वारसांना बापाकडून मिळाले ८० आर, म्हणून विकण्यासारखेही तेवढेच होते. मागाहून झालेला दस्त आधीच्या नोंदणीकृत दस्ताला मागे सारू शकत नाही. शिवाय दस्त नोंदला गेला की पुढच्या खरेदीदाराला त्याची माहिती होती असेच कायदा गृहीत धरतो, म्हणून दुसऱ्याने नोंदणी कार्यालयात शोध घेणे अपेक्षित होते. चुकीच्या पोटहिश्श्यामुळे शोधात तो दस्त दिसणे अवघड होते, हा त्याचा बचाव राहील आणि त्यावर वाद होईल. नोंदणीने पहिल्या खरेदीदाराला हेच दिले: न्यायालयात उभे राहायला पाय.

आता फेरफार नसल्याने त्याचे काय गेले ते पाहू. अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची, असे संहितेचे कलम १५७ सांगते. म्हणून पुराव्याचे ओझे आता पहिल्याच्या खांद्यावर आले. त्याने आपली नोंद मागितली की दुसरा हरकत घेणार आणि प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाणार. दुसऱ्याची प्रमाणित नोंद घालवायला उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करायचे, त्याची साठ दिवसांची मुदत उलटली असेल तर विलंब माफीही मागायची. मालकीचा खरा निकाल शेवटी दिवाणी न्यायालयातच. या काळात जमिनीला पीक कर्ज नाही, आणि रस्त्यासाठी भूसंपादन निघाले तर पहिली नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाने जाणार.

सगळ्यात बोचरी गोष्ट ती पोटहिश्श्याची चूक. २०१६ मध्येच लक्षात आली असती तर विक्रेत्याने चूक दुरुस्तीपत्रावर सही केली असती, ते नोंदले गेले असते आणि फेरफार सरळ झाला असता. एका दुपारचे काम. आता सही करणारा हयात नाही. वारसांनी सह्या करायच्या तर आपण एकच एकर दोनदा विकला, याची कबुलीच त्यांना द्यावी लागणार.

उलटे प्रकरणही तितकेच सर्रास आहे. साठेखत किंवा नोटरी केलेला कागद, पैसे चुकते, ताबा मिळालेला आणि कसेतरी सातबाऱ्यावर नाव चढलेले. वीस वर्षे सातबारा आपल्या नावावर आहे, असे माणूस अभिमानाने सांगतो. पण साठेखताने मालकी जात नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुखत्यारपत्र आणि करारनाम्यावर चालणाऱ्या विक्रीलाही हेच उत्तर दिले. सप्टेंबर २०२१ मध्ये, मध्य प्रदेशातून आलेल्या मृत्युपत्राच्या एका प्रकरणात, फेरफार नोंदीने हक्क निर्माणही होत नाही आणि संपतही नाही, ती महसुलापुरती असते, हे न्यायालयाने पुन्हा सांगितले. अशा माणसाचा सातबारा विक्रेत्याच्या नातवाने दावा लावला की डळमळू लागतो.

आणखी एक बाजू आपल्या व्यवसायाला थेट लागू आहे. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करताना निबंधकाने न पाहिलेल्या गोष्टी पाहतो. भोगवटादार वर्ग २ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकली आहे का, कूळकायद्याने मिळालेली आहे का, घेणारा शेतकरी आहे का, तुकडा पडतो का. दस्त नोंदला म्हणून यातले काहीही माफ होत नाही. नोंद नामंजूर होते तेव्हा पैसे आणि मुद्रांक दोन्ही गेलेले असतात. त्यामुळे अनेक व्यवहारांत कायदेशीरपणाची पहिली खरी परीक्षा फेरफाराच्या वेळीच होते, आणि ती पैसे दिल्यानंतर होते, हे दुर्दैव आहे. दस्तलेखकाने सातबाऱ्यावरचा भोगवटादार वर्ग आणि इतर हक्काचा रकाना दस्त लिहिण्याआधी वाचून दाखवला, तर हे टळू शकते. आपल्यातले कितीतरी जण आजही तो वाचत नाहीत.

शहरात दप्तर बदलते. सातबाऱ्याच्या जागी नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका येते. सोसायटीतल्या सदनिकाधारकाचे नाव सहसा तिच्यावर येतच नाही. त्याने भाग प्रमाणपत्रावर आणि महापालिकेच्या कर आकारणीत नाव लावून घ्यायचे. विषय तोच, म्हणून अधिक सांगत बसण्याची गरज नाही.

मग खरेदीदाराने करायचे काय? दस्त झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी "आपली चावडी" या संकेतस्थळावर गाव निवडून पाहावे. तिथे चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात. आपला क्रमांक नसेल तर त्याच आठवड्यात इंडेक्स टू घेऊन तलाठी कार्यालय गाठावे आणि निरोप पोहोचला की अडला, हे लेखी विचारावे. क्रमांक असेल तर हरकत आली का आणि नोंद प्रमाणित झाली का, यावर नजर ठेवावी. नोंद मंजूर झाल्यावर नवा सातबारा आणि नमुना ६ ची प्रत दोन्ही काढावीत आणि बेरीज करावी. वरच्या प्रकरणातला व्यवहार नीट झाला असता तर खरेदीदाराच्या नावापुढे ०.४० आणि विक्रेत्यापुढे ०.८० दिसले असते. नाव चढले पण विक्रेत्यापुढे १.२० तसेच राहिले, तर ती चूक आहे. ती विक्रेता हयात असतानाच तहसीलदाराकडे अर्ज करून दुरुस्त करून घ्यावी.