तक्रार किती वेळ थांबावी?
(सुरतच्या तक्रार कार्डांविषयी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सप्टेंबर 1994 मध्ये सुरत शहरात प्लेगची साथ उद्भवली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. पुढील वर्षी श्री. एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले. त्यांच्या कारकीर्दीतील सफाईची वाखाणणी सर्वत्र झाली. एक लहानशी गोष्ट मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिली. ती म्हणजे नागरिकांच्या तक्रारींची रंगीत कार्डे. ज्या तक्रारीचे निवारण 24 तासांत व्हावयास हवे, तिच्यासाठी लाल कार्ड असे. ज्या कामास अधिक अवधी लागणार, त्यासाठी पांढरे कार्ड असे. कोणते काम किती काळ थांबू शकते, हे टेबलावरील कारकुनाच्या मर्जीवर न सोडता आधीच ठरलेले असे.

परंतु हे 24 तास कसे ठरवावयाचे? येथेच बहुतेक कार्यालये चुकतात. एक हिशेब मांडून पाहू. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, एका विभागात गटार तुंबल्याच्या 20 तक्रारी आल्या. त्यांपैकी 14 तक्रारी चार तासांत मिटल्या. चार तक्रारींना 16 तास लागले, कारण सफाईची गाडी दुसऱ्या वस्तीत गुंतली होती. उरलेल्या दोन ठिकाणी नळ फुटलेला निघाला, ठेकेदार बोलवावा लागला आणि चार दिवस, म्हणजे 96 तास गेले. या सर्वांची सरासरी साडेपंधरा तासांच्या किंचित वर येते. ही सरासरीच मुदत म्हणून लावली, तर 16 तासांत रीतसर पार पडलेली कामेही उशिराची ठरतात. वीसपैकी सहा प्रकरणे वरिष्ठांकडे जातात. रोज अशी चिठ्ठ्यांची रास येऊ लागली की वरिष्ठ ती वाचणे सोडून देतात, आणि खरोखर अडलेली दोन कामे त्याच राशीत गाडली जातात. म्हणून मुदत सरासरीवर बेतू नये. नेहमीच्या मनुष्यबळात, नेहमीच्या अडचणींसह, बहुतेक कामे जेवढ्या वेळात उरकतात त्याच्या थोडी पुढे ती असावी. वरील उदाहरणात 24 तासांची मुदत योग्य ठरते. तीत अठरा कामे बसतात. राहिलेल्या दोहोंना वरच्या अधिकाऱ्याची सही, पैसा किंवा ठेकेदार हवा असतो. तो मुकादमाच्या हाती नसतो.

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. प्रकरण वर केव्हा पाठवावे? मुदत संपल्यावर पाठविले, तर वरिष्ठाच्या हाती खुलासा मागविण्यापलीकडे काही उरत नाही. तेच अठराव्या तासाला पाठविले, तर सहा तास शिल्लक राहतात आणि तेवढ्यात ठेकेदाराला निरोप जाऊ शकतो. मात्र सकाळी दहा वाजता आलेल्या तक्रारीचा अठरावा तास पहाटे चारला भरतो. त्या वेळी कागद कोण पाहणार? म्हणून तासांच्या जोडीला एक ठरलेली वेळही लागते. उद्या सकाळपर्यंत ज्यांची मुदत संपणार, ती सारी कार्डे आजच्या दुपारच्या आढाव्यात मांडली गेली पाहिजेत. सुरतेत अधिकारी सकाळी प्रत्यक्ष वस्त्यांत फिरत आणि दुपारी बैठक होई. शिवाय शहराच्या सहा विभागांच्या प्रमुखांना आयुक्तांचे बरेचसे अधिकार दिलेले होते. हे शेवटचे फार महत्त्वाचे. ज्याच्याकडे प्रकरण चढते, त्याला खर्चाचा अधिकार नसेल, तर कागद केवळ एक जिना चढतो.

मुदत आली की तिच्या पळवाटाही येतात. काम न करताच कार्डावर ‘निवारण झाले’ असा शेरा मारला जातो. हे ओळखण्याची खूण साधी आहे. त्याच पत्त्यावरून आठ दिवसांत तीच तक्रार पुन्हा येते, किंवा तेविसाव्या तासाला शेऱ्यांची गर्दी दिसते. दुसरी पळवाट म्हणजे ‘अर्जदाराकडून माहिती अपेक्षित’ असे लिहून घड्याळ थांबविणे. नेमकी कोणती माहिती, कोणत्या तारखेला मागितली, हे नोंदले नसेल तर घड्याळ थांबले असे मानू नये.

महाराष्ट्रात 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदती लावल्या. मुदतीत सेवा न मिळाल्यास 30 दिवसांत पहिले अपील करता येते. त्यानंतर दुसरे अपील आणि मग आयोग, अशी चढण आहे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. या कायद्यातील पायऱ्या अर्जदाराने स्वतः चढावयाच्या असतात. वर सांगितलेल्या रीतीत कागद आपोआप वर जातो, नागरिकाला पुन्हा खेटा घालावा लागत नाही. ज्या शेतकऱ्याची एक दिवसाची मजुरी तालुक्याला जाण्यात बुडते, तो अपिलाचा हक्क असूनही घरीच बसण्याचा संभव असतो. अर्ज देतानाच दिनांक व अर्ज क्रमांक असलेली पोच घेणे त्याच्या हाती असते, कारण अपिलाच्या मुदतीचा सारा हिशेब त्या पोचेवरील तारखेवरून सुरू होतो.