डोंगरगडच्या गारेचा कण: खडकांचे चक्र

भिलाईच्या कॅम्प-1 मधून बोलतोय. शाळेच्या पुस्तकात खडकांच्या चक्राचं चित्र असतं. अग्निज खडकापासून स्तरित, स्तरितापासून रूपांतरित आणि रूपांतरितापासून पुन्हा अग्निज, असे गोल बाण. ते पाहून वाटतं की प्रत्येक खडक याच क्रमाने फिरतो. तसं नाही. कसं ते आपल्या जवळच्याच खडकांवरून पाहू.

डोंगरगडला बमलेश्वरी देवीची टेकडी तुम्ही चढला असाल. त्या परिसरातला ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. जमिनीखाली खोलवर वितळलेला रस अतिशय हळूहळू थंड झाला. वेळ भरपूर मिळाला म्हणून स्फटिक मोठे झाले आणि आज ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात. काचेसारखा दिसतो तो गारेचा कण, पांढरट किंवा गुलाबी तो फेल्स्पार आणि काळा चमकणारा बहुधा अभ्रक.

थंड होण्याच्या वेगाने एवढा फरक पडतो का? आपल्या पोलाद कारखान्यातली मळी, म्हणजे स्लॅग, पाहा. भट्टीतून ती 1400 अंशांहून जास्त तापमानाला बाहेर पडते. तिच्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारला तर स्फटिक बनायला वेळच मिळत नाही आणि वाळूसारखे काचेचे कण होतात. हेच कण सिमेंटमध्ये जातात. तीच मळी खड्ड्यात सावकाश थंड होऊ दिली तर स्फटिक असलेला दगड होतो. मळी माणसाने बनवलेली आहे, पण नियम निसर्गाचाच आहे.

आता ग्रॅनाइटमधल्या गारेच्या एका कणाचा माग काढू. पावसाच्या पाण्याने फेल्स्पारची हळूहळू चिकणमाती होते. गार मात्र सहजासहजी कुजत नाही. ती सुटते, पाण्याबरोबर वाहते, गोटाळते आणि वाळू होऊन साचते. वर आणखी थर बसले की वाळू दाबली जाते. पाण्यात विरघळलेले पदार्थ कणांच्या मधल्या जागेत साचून कणांना जोडतात. झाला वालुकाश्म, म्हणजेच स्तरित खडक.

छत्तीसगडच्या खोऱ्यात तळाशी असे वालुकाश्म जुन्या ग्रॅनाइटवर बसलेले सापडतात. त्यांना चंद्रपूरचं नाव आहे. हे चंद्रपूर महाराष्ट्रातलं नाही, महानदीकाठचं आहे. त्यांच्याही वर चुनखडक आहे. नंदिनीच्या खाणीतून तोच चुनखडक भिलाईच्या कारखान्यात येतो.

या वालुकाश्माचं पुढे काय झालं? फारसं काहीच नाही! तो 100 कोटींहून जास्त वर्षं वालुकाश्मच राहिला. कारण समजायला छोटं गणित करू. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण 25 अंशांनी वाढतं. वर 25 अंश धरले, तर 200 अंश गाठायला 7 किलोमीटर खाली जावं लागेल. खडकाचं रूपांतर साधारण तिथून सुरू होतं. उन्हात दगड कितीही तापला तरी रूपांतरित होत नाही, तो याचमुळे. आपला वालुकाश्म पुरेसा खोल दाबला गेलाच नाही. खडकांच्या चक्राला वेळापत्रक नसतं.

तो खोल गेला असता तर उष्णतेने आणि दाबाने कण एकमेकांत घट्ट गुंतून क्वार्ट्झाइट झाला असता. फरक ओळखायचा तो तुटलेल्या पृष्ठभागावरून. वालुकाश्म कणांच्या कडेने तुटतो, म्हणून खरखरीत लागतो. क्वार्ट्झाइट कणांतूनच आरपार फुटतो, म्हणून तुलनेने गुळगुळीत लागतो.

खरोखर रूपांतर झालेला खडक पाहायचा तर दल्ली-राजहराला जा. तिथले लोहखनिज असलेले पट्टेदार खडक मुळात प्राचीन समुद्राच्या तळाशी थराथराने साचले. नंतर जमिनीच्या हालचालींत ते दाबले गेले, तापले, त्यांना घड्या पडल्या. लाल आणि करड्या पट्ट्यांत त्या घड्या अजून दिसतात.

आणखी खोल, समजा 25 किलोमीटरवर, आपल्या हिशेबाने 650 अंश होतात. तिथे पाणी असेल तर ग्रॅनाइटसारखा खडक वितळू लागतो. तो रस पुन्हा थंड झाला की नवा अग्निज खडक तयार होतो.

आता चित्रात आणखी बाण काढा. ग्रॅनाइट वाळू न होता थेट दाबला गेला तर पट्टेदार नाइस होतो, म्हणून अग्निजपासून सरळ रूपांतरितकडे एक बाण. वालुकाश्म वर येऊन झिजला तर त्याची पुन्हा वाळू होते, म्हणून स्तरितापासून स्तरिताकडेच एक बाण. राजहराचा खडक पावसात झिजतोय, त्याचाही गाळ होतोय, म्हणून रूपांतरितापासून स्तरिताकडे एक बाण.

परीक्षेत एखाद्या खडकाचं पुढे काय होईल असं विचारलं, तर आधी पाहा तो कुठे आहे. उघड्यावर असेल तर झिजेल, खोल असेल तर बदलेल, फारच खोल आणि तापलेला असेल तर वितळेल.