कारवानीचा सलूकी होऊ नये म्हणून

आपल्या सोलापूरकडचा कारवानी कुत्रा एआय अ‍ॅपवर काढून बघितलाय? नुसतं नाव टाकलं की बऱ्याचदा कानाला झुलपं असलेला सलूकी नाहीतर ग्रेहाऊंड येतो. म्हणून नावावर थांबू नका, दिसतं ते लिहा. हा प्रॉम्प्ट घ्या:

"कारवान हाउंड, लांब निमुळतं डोकं, गालाशी लोंबणारे कान. आखूड, चापून बसलेले केस. डावीकडच्या एकाच खिडकीचा तिरपा उजेड, दोन्ही डोळ्यांत वर डावीकडे एकेक चमकता ठिपका. बसलेला, मान ताठ, नजर लांब शेतावर. मागे साधी मातकट भिंत."

उजेड तिरपा का? समोरून पडला तर आखूड केस सपाट, प्लास्टिकसारखे दिसतात. आणि 'रुबाबदार' असं लिहिण्यापेक्षा मान, नजर सांगा. नजरेवर शिकार करणारी जात आहे, लांब बघणं हाच तिचा स्वभाव.

चित्र आलं की डोळे झूम करा. एका डोळ्यात ठिपका डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे? मग नजर खोटी वाटणारच. बाकीचं तसंच ठेवून फक्त डोळे परत काढून घ्या. आणि हो, मागे सोलापुरी चादर नको. नक्षीत केस हरवतात.