पाट्टीची फिल्टर कॉफी

तमिळनाडूतल्या कुंभकोणमला पहाटे एका स्वयंपाकघरात पाट्टी, म्हणजे आजी, बारा वर्षांच्या मीनाला कॉफी शिकवते आहे.

पितळी फिल्टरचे दोन डबे असतात. वरच्याच्या तळाला बारीक भोकं, खालच्यात अर्क जमतो. मीनाने वरच्या डब्यात तीन मोठे चमचे पूड घातली. पुडीत चिकोरी पाचवा हिस्सा. मग दांड्याची चकती ठेवून तिने ती जोर लावून दाबली. उकळी येऊन जरा निवलेलं पाणी आधी थोडं, मग पेलाभर ओतलं आणि झाकण लावलं.

दहा मिनिटांनी पाहते तर खाली जेमतेम चमचाभर अर्क!

"पाट्टी, भोकं बुजलीत. आपटू का?"

"आपटू नकोस, पूड खाली उतरेल. तू फार दाबलीस, पाण्याला वाटच नाही. चकती उचल आणि चमच्याने वरचा थर हलका मोकळा कर."

थेंब सुरू झाले.

"मग दाबायचीच कशाला?"

"सैल ठेवलीस तर पाणी भरभर निसटतं आणि अर्क पातळ, फिका येतो. पूड फक्त सपाट व्हायला हवी."

वीसेक मिनिटांत काळाभोर अर्क जमला. मीना तो गॅसवर ठेवायला निघाली.

"अर्क उकळला की कडवटतो. उकळायचं ते दूध."

एक भाग अर्क, तीन भाग कढत दूध, साखर. मीनाने कॉफी पेल्यातून डबऱ्यात दोनदा ओतली. फेस आला. पाट्टीने घोट घेतला आणि म्हणाली, "उद्या साखर अर्धा चमचा कमी."