सही करण्याआधी चार दिवस मागा



आज मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. ऑफर लेटर हातात आल्यापासून त्यावर सही होईपर्यंतचे जे दोन-चार दिवस असतात, त्यांच्यावर.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीला शुक्रवारी संध्याकाळी पत्र आलं. सोमवारी सकाळी दहापर्यंत सही करून पाठवा, असं त्यात होतं. घरात पहिलीच पदवीधर. आईनं शेजारी पेढे वाटले. वर्षाला 4,80,000 रुपये म्हणजे महिन्याला 40 हजार, असा हिशेब सगळ्यांनी केला. सही लगेचच होणार होती. आपल्या घरांत असं पत्र पूर्वी कुणी पाहिलेलंच नसतं, मग ते वाचून दाखवणार कोण?

तिनं शनिवारी सकाळी एचआरला मेल केला. आशय एवढाच होता: "ऑफरबद्दल आभार. मला ही नोकरी करायची इच्छा आहे. पत्रातील अटी नीट वाचून, अनुभवी व्यक्तीशी बोलून मी गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर देईन. एवढी मुदत वाढवून मिळाल्याचे कृपया मेलवर कळवावे." यातली प्रत्येक ओळ कामाची आहे. इच्छा आधी सांगितली, म्हणजे ही टाळाटाळ करतेय असं वाटत नाही. "थोडे दिवस द्या" न म्हणता दिवस आणि वेळ सांगितली. होकार लेखी मागितला. आणि मेल मुदत संपण्याआधी गेला.

लेखी का? भारतीय करार कायदा, 1872 प्रमाणे, स्वीकार कळवला जाण्याआधी प्रस्ताव मागे घेता येतो. दिवस मागण्यात थोडी जोखीम आहे, हे मी लपवत नाही. मुदत उलटून गेल्यावर गप्प बसणं मात्र सगळ्यात महागात पडतं. फोनवर होकार मिळाला, तरी "आपण बोललो त्याप्रमाणे" असा मेल लगेच टाका. कॉलेजमधून प्लेसमेंट असेल, तर आधी प्लेसमेंट सेलचे नियम विचारा.

मिळालेल्या दिवसांत तिनं पत्राची प्रिंट काढली. न कळलेल्या ओळींखाली रेघ मारली आणि त्याच क्षेत्रात बारा वर्षं काम केलेल्या एका ताईंकडे गेली. "पत्र बघा ना" असं मोघम न म्हणता तिनं तीन प्रश्न लिहून नेले होते.

पहिला प्रश्न पगाराचा. ताईंनी कागदावर मांडून दाखवलं. 4,80,000 मध्ये कंपनीचा पीएफचा वाटा 28,800, ग्रॅच्युइटी 11,544 आणि कामगिरीवर मिळणारे 48,000 धरलेले होते. ते वजा केले की महिन्याला साधारण 32,600 उरतात. त्यातून तिच्या स्वतःच्या वाट्याचा पीएफ 2,400 आणि व्यवसाय कर 200 गेला, की हातात साधारण 30 हजार. घरभाडं आणि घरी पाठवायचे पैसे याच आकड्यातून काढायचे होते.

दुसरा प्रश्न बाँडचा. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दीड लाख भरायचे. "असे बाँड कोर्टात टिकत नाहीत" असं तिला मित्रांनी सांगितलं होतं. त्यावर विसंबू नका. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. प्रत्येक बाँड टिकेलच असं नाही, पण प्रत्येक बाँड फुसकाही नसतो. ताई म्हणाल्या, "बाँड काढणार नाहीत गं. पण जेवढे महिने काम केलंस तेवढी रक्कम कमी करायला सांग." म्हणजे अठरा महिन्यांनी सोडलं, तर 37,500.

तिसरा प्रश्न मूळ प्रमाणपत्रांचा. कंपनीनं ती जमा करायला सांगितली होती. ताईंनी सांगितलं, पडताळणीला मूळ प्रती दाखव, जमा मात्र झेरॉक्स कर. पदवी आणि जात प्रमाणपत्र दुसऱ्याच्या कपाटात असेल, तर पुढची नोकरी किंवा प्रवेश अडतो.

बुधवारी तिनं एकाच मेलमध्ये दोन विनंत्या केल्या. बाँडची रक्कम महिन्यांप्रमाणे घटवायला कंपनी तयार झाली. प्रमाणपत्रं फक्त दाखवायची, हेही मान्य झालं. पगार वाढला नाही. तिनं सुधारित पत्र मागून घेतलं आणि मगच गुरुवारी दुपारी सही केली.

कंपनीनं मुदत नाकारली असती तर? मग चोवीस तास मागायचे आणि त्यात तीनच गोष्टी पाहायच्या: हातात येणारी रक्कम, सोडताना भरायची रक्कम, आणि नोटीस पिरियड. हातात दुसरी नोकरी असेल, तर नवं पत्र पक्कं झाल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

तुमच्यापैकी ज्यांनी अशी पत्रं वाचली आहेत, त्यांनी आज जाताना आपला नंबर मागच्या वहीत लिहून जा. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी कुणाला तरी तो लागणार आहे.

जय भीम.